फोटो बघून केटलबेल, रेझिस्टन्स बँड, अ‍ॅब व्हील कसं ओळखायचं? सेकंडहँड सेट घ्यायचाय

"विकणाऱ्याने एकच फोटो टाकलाय, सगळं सामान घरातल्या लादीवर मांडलेलं. त्यातलं नक्की काय काय आहे आणि तो सांगतोय तेच आहे का, हे फोटोवरून कळेल का?"

नावं ओळखणं हा पाच मिनिटांचा प्रश्न आहे. गोळ्यावर कडी असेल तर केटलबेल, रबर असेल तर बँड, चाकातून दांडा आरपार गेला असेल तर अ‍ॅब व्हील, झालं. खरी गोम आहे ती फोटोतल्या केटलबेलचं वजन ओळखण्यात, आणि तिथेच माणूस फसतो. मी फसलोय, 1640 रुपयांना, आणि त्यावरून आमच्या घरात आजतागायत वाद चालू आहे, म्हणून एवढं लिहितोय.

2022 च्या नोव्हेंबरातली गोष्ट. आमचे भावोजी, म्हणजे ताईचे मिस्टर, यांना व्यायाम सोडून व्यायामाच्या सामानाची सगळी माहिती असते. मी केटलबेल शोधतोय हे ताईकडून कळल्यावर त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाठवला. लादीवर एक काळी केटलबेल, शेजारी गुंडाळी करून ठेवलेला लाल बँड आणि एक अ‍ॅब व्हील. केटलबेलच्या पोटावर पांढऱ्या रंगात ठसठशीत 20. खाली भावोजींचा मेसेज, "बिडाची आहे, 20 किलो, 150 रुपये किलोने देतोय, डोळे झाकून घे." मी खरंच डोळे झाकून घेतली. केटलबेलचे 3000 दिले, बँड आणि चाक वर फुकट.

विकणारा डोंबिवलीचा. मी करी रोडहून स्लो लोकलने गेलो, त्याच्या बिल्डिंगखालीच व्यवहार केला, वस्तू गोणपाटात घालून परत निघालो. आता इथे मला कळायला हवं होतं ते ऐका. करी रोडला उतरल्यावर तो ब्रिज मी एका हाताने ती गोणी धरून चढलो, वर आल्यावर हातसुद्धा बदलला नाही, आणि मनात काय तर वा, आपला स्टॅमिना अजून शाबूत आहे! घरी चौथा माळा, लिफ्ट नाही, तरी तेच. दर महिन्याला मी 10 किलो तांदळाची बॅग याच जिन्याने वर नेतो आणि ही गोणी हाताला हुबेहूब तशीच लागत होती. पण पोटावर 20 लिहिलंय ना, मग हात खोटा आणि अक्षर खरं.

दुसऱ्या दिवशी रविवारी आमचा रद्दीवाला आला. बायको पेपर देत होती, मी गंमत म्हणून केटलबेल त्याच्या काट्याला लावली. काट्यावर साडेआठच्या आसपास. तो म्हणाला, "साब, ये तो नौ भी नहीं है." मी लगेच भावोजींना फोन केला. त्यांचं उत्तर तयार, "अरे रद्दीवाल्याचा काटा कधी खरा असतो का? तो मारतोच." आता ह्यात तथ्य आहे हे मुंबईत राहणारा कोणीही नाकारणार नाही, म्हणून मी गप्प बसलो. पण काटा मारायचा म्हणजे किती मारेल माणूस, 20 चे साडेआठ? संध्याकाळी खालच्या पिठाच्या गिरणीत नेली. तिथला इलेक्ट्रॉनिक काटा, 9.1 किलो. गिरणीवाल्याने दळणाच्या डब्यांमधून जागा करून दिली वर, आणि रांगेतल्या काकू विचारत होत्या हे काय दळायला आणलंय.

मग घरी येऊन टॉर्च मारून बघितली. 20 च्या उजव्या बाजूला, कडीच्या सावलीत, बिडातच ओतलेली दोन बारीक इंग्रजी अक्षरं होती, एल आणि बी. त्यात काळा रंग भरून गेला होता आणि पांढरा रंग फक्त आकड्यावर मारला होता. एल बी म्हणजे पौंड, आणि 20 पौंड म्हणजे 9.07 किलो. कोडं सुटलं. भावोजींना क्लोजअप पाठवला. त्यावर त्यांचं जे उत्तर आलं ते मी अजून डिलीट केलेलं नाही, "एल बी म्हणजे लालबाग असेल, तिथल्या कुठल्यातरी व्यायामशाळेची दिसतेय."

असो. तर हे फोटोवरून आधी कळलं असतं का? असतं. तोच फोटो मी नंतर कमीत कमी पन्नास वेळा बघितलाय.

पहिली गोष्ट म्हणजे आकडा स्वतःच बोलतो. केटलबेल आली रशियाकडून, तिथे तिला गिर्या म्हणतात आणि तिथलं जुनं माप म्हणजे पूड, एक पूड साधारण 16.4 किलो. म्हणून किलोवाल्या केटलबेलची मूळची मालिका 16, 24, 32 अशी, म्हणजे एक, दीड आणि दोन पूड, आणि मागाहून मधल्या जागा 8, 12, 20, 28 ने भरल्या. पौंडवाल्या बहुतेक पाचाच्या पाढ्यात जातात, 15, 20, 25, 35, 45. म्हणजे फोटोत 12, 16, 24 असं काही दिसलं तर किलो धरायला हरकत नाही, 25, 35, 45 दिसलं की पौंडाचा संशय घ्यायचाच, आणि 20 हा असा घातकी आकडा आहे की जो दोन्हीकडे बसतो. माझ्या नशिबी नेमका तोच. (आपल्याकडे बनणाऱ्या केटलबेल 5, 10, 15 किलोच्याही मिळतात, त्यामुळे नुसतं पाचाच्या पाढ्यात आहे म्हणून पौंडच असंही छातीठोक सांगता येत नाही. तेव्हा आकडा फक्त संशयापुरता.)

दुसरी गोष्ट, कडी आणि गोळा यांचं नातं. माणसाचा पंजा सगळीकडे तेवढाच, त्यामुळे हलक्या केटलबेलची कडीसुद्धा फार लहान करून चालत नाही, वजन वाढतं ते मुख्यतः गोळ्यात. म्हणून बिडाची हलकी केटलबेल समोरून बघितली की कडीची रुंदी गोळ्याएवढीच दिसते, कधी कधी जास्तच, एखाद्या पोराच्या डोक्यावर बापाची टोपी घातल्यासारखी. 20 किलोवालीत गोळा कडीच्या दोन्ही बाजूंनी चांगला बाहेर आलेला दिसतो. माझ्या फोटोत कडी आणि गोळा बरोबरीत होते. हे मोजायचीसुद्धा गरज नव्हती, बघायची होती फक्त.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे लादी, जी तुमच्याही फोटोत आहे म्हणता, ते फार चांगलं झालं. हल्लीच्या फ्लॅटमध्ये व्हिट्रीफाइड टाइल्स बऱ्याचदा 2 फुटी असतात, म्हणजे 60 सेंटीमीटर. विकणाऱ्याला विचारून घ्या, जुन्या बिल्डिंगमध्ये 1 फुटीही असतात आणि चाळीतल्या त्याहून लहान. मी काय केलं, फोटो लॅपटॉपवर मोठा केला आणि शाळेची पट्टी स्क्रीनला लावली. केटलबेलचा तळ लादीवर जिथे टेकलाय त्याच रेषेत लादीची रुंदी मोजायची, पुढची कड नाही आणि मागचीही नाही, कारण लांब गेलं की लादी निमुळती होत जाते. तिथे लादी 10 सेंटीमीटर भरली आणि गोळ्याचा सगळ्यात फुगीर भाग 2.1. म्हणजे 60 ला 10 तर 2.1 ला किती, 12.6 सेंटीमीटर. हा झाला गोळ्याचा खरा व्यास.

आता बीड एका लिटरला साधारण 7.2 किलो भरतं. 12.6 व्यासाच्या भरीव गोळ्याचं आकारमान एक लिटरच्या जरासं वर येतं, 1.05 धरा, म्हणजे साडेसात किलो. कडीचे सव्वा किलो वर. पावणेनऊ! गिरणीच्या काट्यावर 9.1 आणि हा हिशोब पावणेनऊ, घरबसल्या, एका शाळेच्या पट्टीने. 20 किलोची असती तर गोळा 17 सेंटीमीटरच्या आसपास लागला असता, म्हणजे माझ्या स्क्रीनवर 2.1 च्या जागी 2.8. पाऊण सेंटीमीटरसुद्धा नाही, पण तेवढ्यात 11 किलो गायब. कारण व्यास जरा वाढला की वजन त्याच्या घनाने वाढतं, म्हणून नुसत्या नजरेने "बरीच मोठी दिसतेय की" म्हणणाऱ्या माणसावर विश्वास ठेवायचा नाही. भावोजी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठीच हे वाक्य आहे.

हा सगळा हिशोब मी त्यांना त्या दिवाळीनंतरच्या पहिल्याच भेटीत, ताईकडे मुलुंडला, वहीवर काढून दाखवला होता. ते म्हणाले, "मग आधी का नाही काढलास?" आता याला काय बोलणार! फोटो यांनी पाठवला, बिडाची 20 किलो म्हणून छातीठोक यांनी सांगितलं, आणि हिशोब मी आधी काढायचा. ताई मध्ये पडली म्हणून विषय तेवढ्यावर राहिला.

पण एक सांगतो, फोटो कसा काढलाय त्यावर हे सगळं अवलंबून आहे. माझा फोटो लांबून आणि जवळपास जमिनीलगत काढलेला होता म्हणून निभावलं. बरेच लोक उभ्याने, वरून, मोबाइल अगदी जवळ धरून काढतात. तसं केलं की गोळ्याचा फुगीर भाग आणि कडी लादीपेक्षा कॅमेऱ्याच्या जवळ येतात आणि सगळी केटलबेल आहे त्याहून मोठी दिसते. म्हणजे चूक होते ती नेहमी विकणाऱ्याच्या फायद्याची. त्यामुळे वरून काढलेल्या फोटोतसुद्धा वजन कमीच निघत असेल तर ती नक्की कमीच आहे समजा, पण बरोबर निघत असेल तर खूश होऊ नका.

आणि हा हिशोब फक्त भरीव बिडाला लागू. सिमेंटवाल्या मिळतात ना, बाहेरून प्लास्टिकचं कवच आणि आत सिमेंट, तिथे हे पार उलटं होतं. सिमेंट काँक्रीट लिटरला 2.4 किलोच्या आसपास, म्हणजे बिडाच्या एक तृतीयांश, त्यामुळे तेवढ्याच वजनाला गोळा तिप्पट आकारमानाचा लागतो. 16 किलोला बिडाचा गोळा फार तर 16 सेंटीमीटर, सिमेंटचा 23 च्या पुढे. फोटोत ती ओळखायला सोपी असते, गोळ्याच्या मधोमध वरून खाली साच्याची शिवण दिसते, रंग खेळण्यासारखा एकसारखा, आणि तळाचा फोटो मागितलात तर तिथे सिमेंट भरलेल्या भोकाचं बूच दिसतं. वजन खरं असलं तरी मी घेणार नाही. स्विंग मारताना एवढा गलेलठ्ठ गोळा दोन पायांमधून नीट जात नाही आणि क्लीन हा प्रकार करताना, म्हणजे केटलबेल खांद्याशी उचलून घेताना, मनगटाच्या वर, हाताच्या मागच्या बाजूला आपटतो. एकदा पडली की कवच तडकतं आणि घरभर सिमेंटची भुकटी.

तिसरा प्रकार कॉम्पिटिशनवाल्यांचा, स्टीलच्या. त्यांच्यात तर आकारावरून काहीच कळत नाही, कारण मुद्दाम सगळ्या वजनांना आकार एकच ठेवतात, म्हणजे वजन वाढवलं तरी खेळाडूचा हात बिघडत नाही. आत पोकळी कमीजास्त, बाहेरून सगळ्या सारख्या, उंची साधारण 28 आणि गोळा 21 सेंटीमीटर. म्हणजे उंची-रुंदीला जवळजवळ ए-फोर कागदाएवढी. तिथे वजन रंगावरून ओळखायचं, 16 पिवळी, 24 हिरवी, 32 लाल. पण रंग काय, कोणीही ब्रश घेऊन मारू शकतो, त्यामुळे इथे काट्याला पर्याय नाही. तुमच्या फोटोतली लहान आणि काळी असेल तर हा विषय सोडून द्या.

नालेचं पण सांगून टाकतो, कारण आमच्या चाळीतल्या एका आजोबांनी माझी केटलबेल बघून "अरे ही तर आमच्या आखाड्यातली नाल" असं सांगितलं आणि भावोजींनी ते उचलून धरलं, त्यांच्या लालबागच्या थिअरीला आधार मिळाला ना. नाही हो. नाल म्हणजे जाड कडं असतं, दगडाचं नाहीतर लाकडाचं, आणि पकडायची मूठ त्या कड्याच्या पोकळीत, आतल्या बाजूला असते. केटलबेलची मूठ गोळ्याच्या वर, बाहेर. नालेत वजन मुठीच्या भोवती असतं आणि केटलबेलमध्ये मुठीच्या खाली लटकतं, म्हणूनच ती झुलवता येते. दोन्ही चांगल्या, पण एक नव्हेत. आजोबांना मी काही बोललो नाही, त्यांचं वय 84.

बँडचं थोडक्यात. लाल म्हणजे इतके किलो, काळा म्हणजे तितके किलो, असं विकणारा सांगतो ते मनावर घेऊ नका. फिजिओथेरपिस्टकडे असतो तो रुंद पातळ पट्टा, थेराबँडचा, त्यात पिवळा, लाल, हिरवा, निळा, काळा असा ताण वाढत जातो, पण तो त्यांच्यापुरता क्रम आहे, दुसऱ्या कंपनीचा लाल हा सगळ्यात कडकसुद्धा असू शकतो. फोटोत रंग न बघता रुंदी आणि जाडी बघा. आणि गुंडाळी करून ठेवलेल्या बँडचा फोटो म्हणजे काहीच न दाखवणारा फोटो. रबर जुनं झालं की ताणल्यावर त्यावर बारीक भेगा उघडतात, हँडलवाल्या नळीत त्या नेमक्या हँडलच्या तोंडाशी असतात, आणि गुंडाळीत ते सगळं झाकलं जातं. ताणून धरलेला फोटो मागा. माझा फुकटचा लाल बँड तिसऱ्या दिवशी दाराच्या कडीला अडकवून ओढताना हँडलपाशी तुटला आणि सटकन कानाला लागला. डोळा वाचला हे नशीब. जुना बँड फुकट दिला तरी घेऊ नका, नवीन काही फार महाग नसतो.

अ‍ॅब व्हीलमध्ये फसण्यासारखं फारसं नाही. एक बारीक चाक असेल तर तोल सांभाळायला कठीण, दोन चाकं जवळजवळ असतील किंवा रोलरसारखं रुंद असेल तर सोपं. मधला भाग डब्यासारखा फुगीर दिसत असेल तर आत परत खेचणारी स्प्रिंग असण्याची शक्यता आहे, पण ती चालते की नाही हे फोटो सांगणार नाही. दांडा वाकलेला आहे का ते तेवढं बघा, दोन्ही मुठी एका सरळ रेषेत हव्यात. आमचं चाक अजून नीट आहे, बायको म्हणते कारण ते कोणी वापरत नाही.

तर तुम्ही विकणाऱ्याला एवढं सांगा की केटलबेल काट्यावर ठेवून, आकडा आणि केटलबेल एकाच फोटोत येतील असा फोटो पाठव. घरात वजनाचा काटा नसेल तर कडीला सामानाचा हुकवाला काटा लावून. काहीही कारणं द्यायला लागला तर तळाचा आणि आकड्याचा क्लोजअप मागा, आकड्याच्या दोन्ही बाजूंची चार बोटं जागा दिसली पाहिजे, सावलीत काही दडलंय का ते बघायला. आणि तेही नको म्हणाला तर लादीचा हिशोब आहेच. भाव वजनावर ठरलेला असेल तर निघणाऱ्या वजनाचेच पैसे द्या. 150 ने 9.07 किलोचे 1360 होतात, 3000 नाही, हे मी भावोजींना आजही अधूनमधून पाठवत असतो.

केटलबेल मात्र आता माझ्याकडे नाही. मागच्या वर्षी ताई आली होती, तिने सहज उचलून दोन स्विंग मारले आणि म्हणाली मला हीच बरोबर आहे, आणि घेऊन गेली. रोज सकाळी करते म्हणे. आणि भावोजी सोसायटीत सगळ्यांना सांगत फिरतात, आमची बायको 20 किलो एका हाताने फिरवते.